३८४ बाजूंचं वर्तुळ

कऱ्हाटीतल्या एखाद्या ५० फूट व्यासाच्या विहिरीचा घेर काढा. २२/७ ने १५७.१४ फूट येतो, ३.१४१६ ने १५७.०८. फरक पाऊण इंचाचा. बांधकामाला तो चालून जातो. पण भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त (११५०) दोन्ही गुणोत्तरं वेगळी दिली आहेत: व्यवहारासाठी २२/७ आणि सूक्ष्म हवं तर ३९२७/१२५०, म्हणजे ३.१४१६. ही संख्या आली कुठून, हे मात्र त्यात सांगितलेलं नाही.

उत्तर मिळतं ते कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांकडे. ‘ग्रहलाघव’ लिहिणारे तेच. १५४५ साली त्यांनी ‘लीलावती’वर ‘बुद्धिविलासिनी’ ही टीका लिहिली. वर्तुळाच्या आत षट्कोन काढा, मग बाजू दुप्पट करत १२, २४, ४८, ९६, १९२ आणि ३८४ पर्यंत जा, अशी ती रीत.

पहिली पायरी मी करून पाहिली. व्यास १०० घेतला. षट्कोनाची बाजू त्रिज्येइतकीच, म्हणजे ५०, आणि परिमिती ३००. अर्धी बाजू २५. केंद्रापासून बाजूपर्यंतचं अंतर पायथागोरसने ४३.३०१. त्रिज्येतून ते वजा केलं की ६.६९९ उरतं, हाच ‘शर’. २५ आणि ६.६९९ यांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ घेतलं की बारा कोनांची बाजू मिळते: २५.८८२. परिमिती ३१०.५८. असं आणखी पाच वेळा करायचं.

मोबाइलवर हेच एका ओळीत होतं:

```
100*384*sin(0.46875)
```

कॅल्क्युलेटर डिग्रीवर हवा. उत्तर सतरा हजारांच्या वर गेलं, तर तो रेडियनवर आहे असं समजा. बरोबर उत्तर ३१४.१५५८.

इथे मी थबकलो. आतला बहुभुज वर्तुळापेक्षा नेहमी लहानच असतो, आणि ३१४.१६ तर खऱ्या परिघापेक्षा (३१४.१५९३) किंचित मोठा आहे. म्हणजे ३९२७/१२५० हे नुसतं मोजमाप नाही. ३१४.१५५८ वरच्या बाजूला नेऊन सोयीचा अपूर्णांक केलेला आहे.

पण वर किती न्यायचं? ते आतला बहुभुज एकटा सांगू शकत नाही. त्यासाठी बाहेरून वर्तुळाला टेकणारा बहुभुज लागतो. आर्किमिडीजने ९६ बाजूंनी दोन्हीकडून π कोंडला होता. वरच्या ओळीत sin च्या जागी tan घातला की बाहेरची परिमिती मिळते: ३१४.१६६३. खरा परिघ या दोहोंच्या मध्ये अडकला, आणि ३१४.१६ सुद्धा त्याच फटीत बसतो.

आता फट नीट पाहा. आतली परिमिती ०.००३५ ने कमी पडते, बाहेरची ०.००७० ने जास्त होते, म्हणजे बरोबर दुप्पट. कोन लहान असला की हे असंच घडतं. म्हणून आतली दोनदा, बाहेरची एकदा घेऊन बेरजेला तीनने भागा. ३१४.१५९३ येतात. बाजू तेवढ्याच, ३८४.