हस्तलिखित स्वाध्यायांची साम्यतपासणी

हाताने लिहिलेला स्वाध्याय स्कॅन करून किंवा मोबाइलने फोटो काढून जमा केला, तर हाती येते ती निव्वळ प्रतिमा. साम्यतपासणीला मजकूर लागतो. म्हणून आधी ओसीआर, म्हणजे अक्षरओळखीची प्रणाली, प्रतिमेतली अक्षरे मजकुरात उतरवते. शिक्षक पान पाहतो. तपासणी मात्र या उतरवलेल्या मजकुराची होते. पीडीएफमध्ये तो प्रतिमेमागे दडलेला असल्याने त्यातल्या चुका सहसा कुणाला दिसत नाहीत.

देवनागरी हस्ताक्षरात या चुकांचे एक ठरलेले कारण म्हणजे आखीव वही. ध, भ आणि थ यांची शिरोरेषा डावीकडे तुटलेली असते, तर घ, म आणि य यांची सलग. या जोड्यांतला फरक बराचसा तेवढ्यावरच उभा असतो. वहीत शब्द छापील रेघेला टांगून लिहिले जातात. ती रेघ प्रतिमेत राहिली तर तुटलेली जागा भरून निघते आणि ‘ध’चा ‘घ’ वाचला जातो. रेघ पुसून काढली तर तिच्याबरोबर शिरोरेषाही जाते. शिवाय फोटोत वहीच्या शिवणीजवळ ओळी वाकतात, सावलीत अनुस्वार हरवतात आणि मागच्या पानावरची शाई पुढे उमटते.

साम्यशोधक सहसा मजकुराचे लागोपाठच्या काही शब्दांचे किंवा अक्षरांचे तुकडे पाडतात आणि ते साठ्यातल्या तुकड्यांशी ताडून पाहतात. समजा, पाच-पाच शब्दांचे तुकडे घेतले. ‘लोकसंख्या वाढीमुळे नैसर्गिक साधनसंपत्तीवर मोठा ताण पडतो’ या सात शब्दांतून असे तीन तुकडे निघतात. ओसीआरने ‘साधनसंपत्तीवर’ऐवजी ‘साघनसंपत्तीवर’ वाचले, तर हा शब्द तिन्ही तुकड्यांत असल्यामुळे तिन्ही बाद होतात. वाक्य जसेच्या तसे उतरवलेले असूनही साम्य शून्य भरते.

पानभर मजकुरावर याचा परिणाम सोप्या गणिताने कळतो. दर शंभर अक्षरांत पाच चुका आणि शब्दात सरासरी पाच अक्षरे धरली, तर एक शब्द बिनचूक उतरण्याची शक्यता सुमारे 77 टक्के आणि पाच शब्दांचा अख्खा तुकडा बिनचूक उतरण्याची सुमारे 28 टक्के येते. म्हणजे पुस्तकातून शब्दशः उतरवलेल्या उत्तराचे 28 टक्केच तुकडे जुळतील. एका विद्यार्थ्याने दुसऱ्याची वही उतरवली असेल तर दोन्ही प्रतींत वेगवेगळ्या चुका पडतात आणि आकडा 8 टक्क्यांच्या आत येतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या विनियमांत 10 टक्क्यांपर्यंतचे साम्य दंडाला पात्र नाही, हे इथे लक्षात घेण्याजोगे आहे. प्रत्यक्षात चुका सारख्या विखुरलेल्या नसतात. त्या खराब ओळींत दाटतात, त्यामुळे चांगल्या ओळींतले तुकडे गणितापेक्षा जास्त वाचतात.

काही फरक तर चुकाही नसतात. ‘दुसऱ्या’मधला अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे साठवता येतो. पडद्यावर दोन्ही रूपे सारखीच दिसतात, पण संगणकाला ते दोन वेगळे शब्द वाटतात. तपासणीआधी सर्व मजकूर एका रूपात आणला की हा दोष जातो.

उलट दिशेचा दोष कमी बोलला जातो, पण विद्यार्थ्याला नडतो तो हाच. कागदावरचा छापील मथळा, सूचना आणि प्रश्न ओसीआर नीट वाचते, हस्ताक्षर मात्र अर्धवट. छापील भाग 60 शब्दांचा आणि उत्तर 300 शब्दांचे असेल, तर सगळ्या वर्गात सारखा असलेला भाग 17 टक्के भरतो. उत्तरातले 120 शब्द वाचताच आले नाहीत आणि गळाले, तर तोच भाग 25 टक्के होतो. विद्यार्थ्याने एक शब्दही उचललेला नसतो. छेद तेवढा लहान झालेला असतो.

बिघाड ओळखण्याची सरळ रीत म्हणजे पीडीएफमधला मजकूर निवडून दुसरीकडे चिकटवणे आणि त्यातले शंभर शब्द मूळ पानाशी ताडून पाहणे. वीस-पंचवीस शब्द चुकीचे निघाले तर अहवालातली टक्केवारी निरर्थक समजावी. अहवालाची ठेवणही बोलकी असते: एकाच स्रोतातले लहान लहान तुकडे त्याच क्रमाने आणि मध्ये एखाद-दुसरा शब्द सोडून जुळत असतील, तर तिथे बहुधा सलग उताराच आहे.

अशा मजकुरासाठी अक्षरांची संरेखन पद्धत अधिक भरवशाची ठरते. तीत दोन उतारे समोरासमोर मांडून चुकलेले, गळालेले आणि जादा अक्षर थोड्या वजावटीवर सोडून दिले जाते. अमेरिकेतल्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठाच्या ‘व्हायरल टेक्स्ट्स’ प्रकल्पाने एकोणिसाव्या शतकातल्या वृत्तपत्रांतले पुनर्मुद्रित मजकूर सदोष ओसीआरमधून शोधले, ते आधी लहान तुकड्यांवरून संशयित जोड्या निवडून आणि मग संरेखन करूनच. ही पद्धत संथ आहे आणि संपूर्ण इंटरनेटवर चालवता येत नाही. पण साठ जणांच्या वर्गात 1,770 जोड्याच होतात आणि तेवढे काम साध्या संगणकालाही झेपते.