एफटीएक्स कसं बुडालं, आणि ‘प्रूफ ऑफ रिझर्व्ह’नं काय कळलं असतं?

११ नोव्हेंबर २०२२ ला एफटीएक्स या क्रिप्टो एक्सचेंजनं अमेरिकेतल्या डेलावेअरच्या कोर्टात दिवाळखोरीचा अर्ज केला. ग्राहकांच्या खात्यांवर तेव्हा सगळे मिळून जवळपास १ लाख बिटकॉइन दिसत होते. एक्सचेंजकडे प्रत्यक्षात शिल्लक होते १०५.

मग बाकीचे गेले कुठे? लोक म्हणतात घोटाळा झाला, आणि ते खरंच आहे. पण मी सॉफ्टवेअरवाला माणूस, त्यामुळे घोटाळा कोडमध्ये नेमका कुठे होता ते मला बघायचं होतं. खटल्यात ते सगळं बाहेर आलं.

आधी एक मूळ गोष्ट. तुम्ही एक्सचेंजवर बिटकॉइन घेता तेव्हा ब्लॉकचेनवर बहुतेक वेळा काहीच हलत नाही. एक्सचेंजच्या डेटाबेसमध्ये तुमच्या नावापुढचा आकडा बदलतो, एवढंच. किराणा दुकानदाराच्या वहीसारखं समजा. वहीत लिहिलंय की दुकानदार तुम्हाला ५०० रुपये देणं लागतो. पण गल्ल्यात ५०० आहेत का, हे वही सांगत नाही. वही आणि गल्ला या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आजचा सगळा विषय त्यांच्यातल्या फरकाचा आहे.

आता एफटीएक्सची वही बघू. संस्थापक सॅम बँकमन-फ्रीड याची अलामेडा रिसर्च नावाची दुसरी कंपनी होती. ती ट्रेडिंग करायची, आणि तेही एफटीएक्सवरच. साध्या ग्राहकाची शिल्लक शून्याच्या खाली जाऊ शकत नाही. अलामेडासाठी मात्र कोडमध्ये `allow_negative` नावाची सवलत होती. खरा कोड बराच मोठा होता, पण त्याचा अर्थ मी माझ्या शब्दांत असा लिहीन:

```
if (balance - amount < 0 && !allow_negative)
    reject();
```

म्हणजे शिल्लक उणे होत असेल तर व्यवहार नाकारा, पण ही सवलत असलेल्या खात्याला अडवू नका. ही सवलत ३१ जुलै २०१९ ला आली. त्याच दिवशी सॅमनं ट्विटरवर लिहिलं होतं की अलामेडाचं खातं बाकी सगळ्यांसारखंच आहे. पुढे तिची उधारीची मर्यादा ६५ अब्ज डॉलरपर्यंत नेली गेली. सहसंस्थापक गॅरी वाँग यानं कोर्टात हे शपथेवर सांगितलं.

दुसरा मार्ग त्याहून साधा होता. सुरुवातीला एफटीएक्सकडे स्वतःचं बँक खातं नव्हतं, त्यामुळे ग्राहक डॉलर पाठवायचे ते अलामेडाच्या ताब्यातल्या बँक खात्यांत. वहीत ग्राहकाच्या नावावर रक्कम जमा व्हायची, पैसे मात्र अलामेडाकडे राहायचे. हे देणं वाढत सुमारे ८ अब्ज डॉलरपर्यंत गेलं.

२०२२ च्या मे महिन्यात टेरा कोसळलं, बाजार पडला आणि जूनमध्ये अलामेडाचे सावकार पैसे परत मागायला लागले. अलामेडानं ते फेडले एफटीएक्सच्या ग्राहकांच्या पैशातून. तरीही कुणाच्या अ‍ॅपमधला आकडा एका पैशानं कमी झाला नाही, कारण वही तशीच होती.

२ नोव्हेंबरला कॉइनडेस्कनं बातमी दिली की अलामेडाच्या मालमत्तेचा मोठा भाग एफटीटी आहे, म्हणजे एफटीएक्सनं स्वतःच काढलेलं टोकन. ६ तारखेला बायनान्सच्या चांगपेंग झाओनं आपल्याकडचे एफटीटी विकणार असं जाहीर केलं. लोक पैसे काढायला धावले. ८ तारखेला पैसे काढणं थांबलं आणि ११ ला दिवाळखोरी. मार्च २०२४ मध्ये सॅमला २५ वर्षांची शिक्षा झाली.

यानंतर एक्सचेंज एकामागून एक ‘प्रूफ ऑफ रिझर्व्ह’ दाखवायला लागली. कल्पना जुनीच होती. २०१४ मध्ये माउंट गॉक्स बुडालं तेव्हाच ती पुढे आली होती. तिचे दोन भाग आहेत.

पहिला भाग गल्ल्याचा. एक्सचेंज आपल्या वॉलेटचे पत्ते जाहीर करतं आणि त्यांच्या खाजगी किल्लीनं एक संदेश सही करून दाखवतं. यातून कळतं की या क्षणी किल्ली त्यांच्या हातात आहे. नाणी त्यांची स्वतःची आहेत की दोन दिवसांसाठी उसनी आणलीत, हे कळत नाही.

दुसरा भाग वहीचा. प्रत्येक ग्राहकाच्या शिल्लकीचा हॅश काढतात, दोन-दोन हॅश जोडत वर जातात आणि शेवटी एकच हॅश उरतो. याला मर्कल ट्री म्हणतात. तुमची नोंद आणि वरपर्यंतचे शेजारचे हॅश मिळाले की आपण यादीत आहोत हे तुम्ही स्वतः तपासू शकता, आणि बाकीच्यांची शिल्लकही उघडी पडत नाही.

आता यातली फट बघा. समजा तीन ग्राहक आहेत आणि त्यांची शिल्लक १०, ६ आणि ४ नाणी. एकूण देणं २०. गल्ल्यात मात्र १२ च आहेत. एक्सचेंज यादीत चौथा ग्राहक घुसवतं, शिल्लक उणे ८. बेरीज १२, गल्ला १२, सगळं जुळलं! तिन्ही ग्राहकांनी आपापली नोंद तपासली तरी ती बरोबरच निघेल.

ओळखीचं वाटलं? तो उणे ८ वाला म्हणजे अलामेडाच. म्हणून यादीत एकही शिल्लक उणे नाही हेही सिद्ध करावं लागतं. झिरो-नॉलेज प्रूफनं ते करता येतं. विटालिक ब्युटेरिननं नोव्हेंबर २०२२ मध्येच यावर सविस्तर लिहिलं, आणि २०२३ मध्ये बायनान्सनं आपल्या पद्धतीत ते आणलं.

मग एफटीएक्स आधीच पकडलं गेलं असतं का? नाण्यांच्या बाबतीत, प्रामाणिक यादी असती तर हो. १ लाख बिटकॉइनसमोर १०५ लपत नाहीत. पण ८ अब्ज डॉलर बँक खात्यांच्या वाटेनं गेले होते, आणि बँक खातं ब्लॉकचेनवर दिसत नाही. कंपनीनं बाहेरून घेतलेली कर्जंसुद्धा या झाडात येत नाहीत.

शिवाय हा फक्त त्या क्षणाचा फोटो असतो. आपल्याकडच्या वझीरएक्सच्या एका वॉलेटमधून १८ जुलै २०२४ ला सुमारे २३ कोटी डॉलरची क्रिप्टो चोरीला गेली. आदल्या दिवशीचा फोटो कितीही चांगला असता, तरी ही चोरी त्यात दिसली नसती.

त्यामुळे एक्सचेंजचा असा रिपोर्ट उघडलात तर आधी बघा की त्यात फक्त गल्ला आहे की देणंही आहे. मग बघा, तुमची नोंद तपासायची सोय आहे का, आणि उणे शिल्लक नाही याचा पुरावा दिलाय का. नुसता वेबसाइटवरचा आकडा पुरावा नसतो. एफटीएक्सच्या साइटवर ‘इन्शुरन्स फंड’चा आकडा रोज बदलायचा. वाँगनं कोर्टात सांगितलं की तो रोजच्या उलाढालीला एका रँडम आकड्यानं गुणून तयार व्हायचा.

आणि ग्राहकांचं काय झालं? बहुतेकांना व्याजासकट पैसे मिळतील अशी योजना ऑक्टोबर २०२४ मध्ये कोर्टानं मंजूर केली. पण हिशोब नोव्हेंबर २०२२ च्या भावानं. तेव्हा बिटकॉइन १७ हजार डॉलरच्या आत होतं, मंजुरीच्या वेळी ६० हजारांच्या वर. ज्यांच्या अ‍ॅपमध्ये एक बिटकॉइन दिसत होतं, त्यांना बिटकॉइन नाही, त्याची जुनी किंमत मिळाली.