तिथीवरून तारीख (वलगाव व अमरावती परिसर)

पंचांगातील तिथीने ओळखल्या जाणाऱ्या उत्सवाचा त्या त्या वर्षीचा इंग्रजी दिनांक ठरवणे. पत्रिका धाडणारा, रजेचा अर्ज देणारा किंवा रेल्वेचे आरक्षण करणारा यांना ‘वद्य पंचमी’ पुरत नाही. त्यांच्या कागदावर दिवस, महिना आणि साल लागते.

अमरावती जिल्ह्यात हा प्रश्न दोन संतांच्या पुण्यतिथींमुळे नेहमी समोर येतो. गाडगेबाबांचे देहावसान २० डिसेंबर १९५६ रोजी वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर झाले. त्यांची पुण्यतिथी तारखेनेच, म्हणजे दरवर्षी २० डिसेंबरला होते आणि तिच्यासाठी पंचांग उघडावे लागत नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज ११ ऑक्टोबर १९६८ रोजी मोझरीच्या गुरुकुंज आश्रमात निवर्तले. त्या दिवशी आश्विन वद्य पंचमी होती आणि त्यांची पुण्यतिथी याच तिथीला पाळली जाते. वलगावातून दोन्हीकडे जाणारा माणूस एका कार्यक्रमाची तारीख वर्षभर आधी सांगू शकतो, दुसऱ्याची मात्र दरवर्षी नव्याने काढावी लागते. ११ ऑक्टोबर ही तारीख धरून मोझरीला निघणे ही सर्वांत सहज होणारी चूक आहे.

२०२२ मध्ये ही पंचमी १४ ऑक्टोबरला आली आणि २०२३ मध्ये थेट २ नोव्हेंबरला. चांद्रवर्ष सुमारे ३५४ दिवसांचे असल्याने एरवी तिथी पुढच्या वर्षी अकराएक दिवस अलीकडे सरकते. २०२३ मध्ये मात्र १८ जुलै ते १६ ऑगस्ट असा अधिक श्रावण आला. त्यामुळे पंचमी अलीकडे येण्याऐवजी एकोणीस दिवस पलीकडे गेली. गेल्या वर्षीच्या तारखेतून अकरा वजा करून अंदाज बांधायचा असेल, तर मध्ये अधिक मास पडला का हे आधी पाहावे. अधिक मास खुद्द आश्विनच असेल तर घोटाळा वाढतो. २०२० मध्ये तसे झाले. एक आश्विन वद्य पंचमी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात होती, दुसरी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात. उत्सव-पुण्यतिथीसाठी दुसरी, निज आश्विनातली धरतात.

मेळघाटाच्या पलीकडे, मध्य प्रदेशात नातेवाईक असतील तर आणखी एक अडचण येते. महाराष्ट्रात महिना अमावास्येला संपतो, हिंदी भाषकांच्या पंचांगात पौर्णिमेला. त्यामुळे शुद्ध पक्षात महिन्याचे नाव दोन्हीकडे एकच असते, वद्य पक्षात मात्र त्यांचा महिना एकाने पुढे असतो. आपली आश्विन वद्य पंचमी त्यांच्याकडे कार्तिक कृष्ण पंचमी होय. ‘आश्विन कृष्ण पंचमी’ एवढेच कळवले आणि त्यांनी आपल्या पंचांगात पाहिले, तर २०२२ साली त्यांना सप्टेंबरच्या मध्यावरची, पितृपक्षातली तारीख मिळाली असती. म्हणून त्यांना तिथी कळवूच नये, तारीख कळवावी.

शासकीय कागदावरचे ‘आश्विन’ आणखी वेगळे असते. २२ मार्च १९५७ पासून लागू झालेल्या राष्ट्रीय दिनदर्शिकेत महिन्यांची नावे तीच असली तरी ती सौर आहे. तिचा आश्विन दरवर्षी २३ सप्टेंबरला सुरू होतो आणि त्यात शुद्ध-वद्य नसते. राजपत्रावरच्या ‘आश्विन ५’चा चांद्र पंचमीशी काही संबंध नाही.

तिथी मध्यरात्री बदलत नाही. ती दिवसाच्या किंवा रात्रीच्या कोणत्याही वेळी लागते आणि संपते. सामान्यतः सूर्योदयाला असलेली तिथी त्या दिवसाची मानतात, पण सर्व सणांना हा नियम लागत नाही. महाशिवरात्रीसाठी मध्यरात्रीची चतुर्दशी पाहतात. २०२३ मध्ये चतुर्दशी १८ फेब्रुवारीला रात्री आठच्या सुमारास लागली आणि १९ तारखेला दुपारी संपली. सूर्योदयाची चतुर्दशी १९ला होती, तरी महाशिवरात्र १८लाच झाली. संकष्टीला चंद्रोदय आणि गणेश चतुर्थीला मध्यान्ह पाहतात. त्यामुळे भिंतीवरच्या दिनदर्शिकेत चौकोनातल्या तिथीच्या आकड्यापेक्षा सणाचे छापलेले नाव विश्वासाचे.

मोझरीच्या कार्यक्रमासाठी स्थळही महत्त्वाचे आहे. मौन श्रद्धांजली तेथे सायंकाळी ४ वाजून ५८ मिनिटांनी होते. परदेशातल्या कुटुंबाने आपल्या गावच्या सूर्योदयावरून तिथी काढली तर एक दिवसाचा फरक पडू शकतो, तेव्हा तारीख महाराष्ट्रातल्या पंचांगावरूनच घ्यावी.

पत्रिकेत तिथी, शक, वार आणि तारीख चारही लिहिणे योग्य: आश्विन वद्य पंचमी, शके १९४५, गुरुवार, २ नोव्हेंबर २०२३. शक काढताना गुढीपाडव्यानंतरच्या इसवी सनातून ७८ वजा करावेत, पाडव्याआधीच्या महिन्यांसाठी ७९. वार लिहिला की कच्चा मजकूर वाचणाराच पडताळा घेऊ शकतो: वार आणि तारीख जुळत नसतील, तर दोन्हींपैकी काहीतरी चुकलेले असते आणि पत्रिका छापण्यापूर्वी ते दुरुस्त करता येते.