बोबडी वळवणारी वाक्ये

भराभर म्हणताना जीभ अडखळावी अशा बेताने रचलेली छोटी वाक्ये. ‘कच्चा पापड, पक्का पापड’ हे मराठीतले सर्वांत परिचित उदाहरण. घरोघरी ती खेळ म्हणून म्हटली जातात, नाटकाच्या तालमीत उच्चार स्वच्छ करण्यासाठी.

एकच अक्षर पुनःपुन्हा आणले की असे वाक्य होते, हा समज चुकीचा आहे. ‘रामाने रानात रात्री राळे रांधले’ हे कितीही वेगात म्हटले तरी सहसा बिघडत नाही. तो नुसता अनुप्रास. जीभ फसते ती जवळचे पण वेगळे ध्वनी सारख्याच जागी आलटून पालटून आले की. ‘कच्चा’ आणि ‘पक्का’ यांचा साचा एकच, व्यंजने तेवढी वेगळी. म्हणून पुढच्या शब्दाचा ध्वनी आधीच तोंडात येतो किंवा मागचा रेंगाळतो, आणि ‘पच्चा पापड’ ऐकू येतो.

नवे वाक्य रचताना आधी ध्वनी निवडावेत. र, ल आणि ळ हे त्रिकूट मराठीत फार उपयोगी. र आणि ल म्हणताना जिभेचे टोक वरच्या दातांमागे लागते, ळ साठी ते मागे वळते. मात्र मराठी शब्द ळ ने सुरू होत नाही, त्यामुळे तो शब्दाच्या पोटात असलेलाच शोधावा लागतो. ‘वरळी’ घेतली, तर तिच्याच व्यंजनांची उलटापालट करून ‘रोवळी’ मिळते. रोवळीत धुतात काय, तर भिजवलेले वाल. म्हणजे अर्थही जमला. पहिला चरण झाला: ‘वरळीच्या रोवळीत ओले वाल’. आता त्याच साच्यात थोडा बदल हवा. ‘उरुळी’त सुरुवातीचा व नाही, आणि ‘ओले’च्या जागी ‘वाळलेले’ आणले की ळ ला लागूनच ल येतो:

वरळीच्या रोवळीत ओले वाल, उरुळीच्या रोवळीत वाळलेले वाल.

पारख करताना हे सलग तीनदा, एका दमात म्हणायला लावावे. ‘वरोळीत’, ‘ओळे वाल’, ‘वाळळेले’ अशा चुका झाल्या तर रचना साधली. म्हणणारा शब्दच विसरत असेल, तर दोष लांबीचा आहे; वाक्य छाटावे. सरावासाठी मात्र उलट चालावे: आधी ‘वाळलेले’ एकटे, सावकाश, मग ‘वाळलेले वाल’, मग मागचे शब्द एकेक जोडत जावे. ळ चा ल होऊ लागला की वेग कमी करावा, कारण चुकीचा उच्चार घोटला तर तोच पक्का होतो.

बोलीनुसार अशा वाक्याचा कस बदलतो. वऱ्हाडीत ‘डोळा’चा ‘डोया’ होतो. तिथे वरचे वाक्य सोपे जाईल, आणि त्या बोलीसाठी दुसरे ध्वनी निवडावे लागतील.