दोन अग्रांपलीकडचे मंडल : तुल्य मंडलाच्या कल्पनेचा इतिहास

विद्युत्शास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत एक सिद्धांत इतक्या सहजपणे मांडलेला असतो की तो कोणी तरी एका बैठकीत रचला असावा असे विद्यार्थ्याला वाटते. घट आणि रोध यांचे कितीही गुंतागुंतीचे जाळे असो. त्यातून दोन अग्रे बाहेर काढली, तर त्या अग्रांना जोडलेल्या भाराच्या दृष्टीने ते सारे जाळे म्हणजे एक विद्युत्‌चालक बल आणि त्याच्याशी एकसर जोडलेला एक रोध, एवढेच असते. या दोन राशी काढण्याची रीतही सोपी आहे. भार काढून घेऊन अग्रे खुली ठेवावीत व त्यांमधील विभवांतर मोजावे. नंतर अग्रे जाड तारेने एकमेकांस जोडून, म्हणजे शॉर्ट सर्किट करून, त्या तारेतील प्रवाह मोजावा. पहिली राशी हे तुल्य विद्युत्‌चालक बल होय आणि पहिलीला दुसरीने भागले असता येतो तो तुल्य रोध होय. या सिद्धांताला सामान्यतः थेवेनिन यांचे नाव दिले जाते. (मूळ फ्रेंच उच्चार थेवनँ असा काहीसा आहे, आपल्याकडे रूढ झालेला इंग्रजी वळणाचा उच्चारच येथे ठेवला आहे.) परंतु या कल्पनेचा जन्म तारायंत्राच्या कचेरीत झाला नाही, तो बेडकाच्या स्नायूंवरील प्रयोगांच्या निमित्ताने झाला.

इ. स. १८५३ मध्ये हेर्मान फोन हेल्महोल्ट्झ हे क्योनिग्सबर्ग येथे शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक होते. त्या काळी बर्लिनचे एमील द्यु ब्वा-रेमाँ यांनी प्राणिज विद्युतेचे प्रयोग फार पुढे नेले होते. स्नायूचा तुकडा घेऊन त्याच्या पृष्ठावरील दोन बिंदूंना गॅल्व्हानोमापकाची टोके लावली की सुई हलते, हे निश्चित झाले होते. सुईच्या हालचालीवरून स्नायूच्या अंतर्भागाविषयी काय सांगता येईल, हा खरा प्रश्न होता. मांस म्हणजे काही तारांचे जाळे नव्हे. त्यात प्रवाह सर्व दिशांनी वाहतो, त्यातील विद्युत्‌जनक स्थाने दिसत नाहीत आणि सुरीने उघडून पाहावे तर मोजावयाची वस्तूच बदलून जाते. या अडचणीतून हेल्महोल्ट्झ यांनी त्या वर्षी पोगेनडॉर्फ यांच्या ‘आनालेन’ या नियतकालिकात एक दीर्घ निबंध प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी प्रथम अध्यारोपणाचा नियम मांडला : अनेक विद्युत्‌चालक बले एकत्र असता कोणत्याही बिंदूपाशी होणारा परिणाम हा प्रत्येक बल एकेकटे असता होणाऱ्या परिणामांची बेरीज असतो. त्यावरून त्यांनी दाखविले की, अशा वाहकाच्या दोन बिंदूंना बाहेरचे मंडल जोडल्यास त्यात वाहणारा प्रवाह हा जणू एकाच घटापासून येतो. त्या घटाचे बल म्हणजे मंडल जोडण्यापूर्वी त्या दोन बिंदूंत असलेले विभवांतर, आणि त्याचा अंतर्गत रोध म्हणजे त्या बिंदूंमध्ये मोजलेला त्या वाहकाचा रोध.

याच निबंधात या निष्कर्षाची दुसरी बाजूही आहे आणि शरीरशास्त्रज्ञाच्या दृष्टीने ती अधिक कठोर होती. बाहेरून होणाऱ्या मोजमापांशी तंतोतंत जुळतील अशा अंतर्गत रचना एक नव्हे, असंख्य असू शकतात. म्हणजे ज्या नियमामुळे बाहेरचे गणित सोपे होते, त्याच नियमामुळे आतले रहस्य बाहेरून उलगडण्याची आशा मावळते. आजही छातीवर किंवा मस्तकावर लावलेल्या अग्रांवरून हृदयातील व मेंदूतील प्रवाहांची स्थाने शोधणाऱ्यांना याच मर्यादेशी झगडावे लागते.

विद्युत् अभियंत्यांनी तो निबंध वाचला नसावा, यात नवल नाही. त्याच्या शीर्षकातच प्राणिज विद्युतेचे प्रयोग होते. तीस वर्षांनी, १८८३ मध्ये, लेओँ शार्ल थेवेनिन यांनी तोच नियम स्वतंत्रपणे शोधून काढला. थेवेनिन हे १८५७ साली मो या गावी जन्मलेले, एकोल पोलितेक्निकमधून शिकून बाहेर पडलेले आणि फ्रान्सच्या तारखात्यात नोकरीला असलेले अभियंते होते. खात्यातील अधिकाऱ्यांना शिकविण्याचे काम त्यांच्याकडे होते. ओहमचा नियम एका घटापुरता न ठेवता अनेक घटांच्या जाळ्याला कसा लावावा, हे विद्यार्थ्यांना सांगण्याच्या खटपटीतून हा सिद्धांत आलेला दिसतो. त्यांच्या लेखाचे शीर्षकही ओहमच्या नियमाचा विस्तार असेच आहे. प्रसिद्धीपूर्वी त्यांनी तो सहकारी व्हाशी यांना दाखविला असता व्हाशी यांना तो चुकीचा वाटला. पुढे इतरांची मतेही दुभंगली.

सिद्धता मात्र चार ओळींची आहे. भाराच्या तारेत अशी कल्पना करावी की, खुल्या अग्रांमधील विभवांतराइतकेच पण उलट दिशेचे एक बल घातले आहे. मग तारेत प्रवाह वाहणार नाही, कारण अग्रांचे विभवांतर व हे बल एकमेकांस तोलतात. आता तेवढेच बल सरळ दिशेने आणखी घालावे. दोन्ही नवी बले मिळून शून्य होतात, म्हणून स्थिती मूळचीच राहते. पण पहिल्या रचनेने प्रवाह दिलाच नव्हता, तेव्हा अध्यारोपणाच्या नियमाने सारा प्रवाह एकट्या दुसऱ्या बलाचा ठरतो. त्याच्या मार्गात भाराचा रोध आणि अग्रांमधून पाहिलेला जाळ्याचा रोध एवढेच असतात.

तारायंत्राचेच उदाहरण घेऊ. एका स्थानकावर ६० व्होल्टची घटमाला आहे. तेथून निघालेल्या तारेचा रोध वाटेतील एका खांबापर्यंत ४०० ओहम आहे. त्या खांबावरील विरोधक पावसाने भिजला असून त्यातून जमिनीकडे गळती होते. त्या गळतीचा रोध १,२०० ओहम. पुढे दुसऱ्या स्थानकापर्यंत तारेचा रोध ३०० ओहम. तेथे तार आणि जमीन ही आपली दोन अग्रे.

ग्राहक यंत्र काढून ठेवले असता शेवटच्या ३०० ओहममधून प्रवाह वाहत नाही. ६० व्होल्टची विभागणी ४०० व १,२०० ओहममध्ये होऊन अग्रांवर ४५ व्होल्ट मिळतात. अग्रे जोडून टाकली तर घटमालेतून ९३.७५ मिलिअँपिअर निघतात आणि त्यांपैकी ७५ मिलिअँपिअर जोडतारेतून जातात; उरलेले गळतीत जातात. ४५ व्होल्टना ७५ मिलिअँपिअरने भागून ६०० ओहम येतात. घटमालेच्या जागी नुसती तार आहे असे मानून मागे पाहिले, तरी ४०० व १,२०० ओहम समांतर मिळून ३०० आणि पुढचे ३००, असे ६०० ओहमच होतात. आता ४०० ओहमचे ग्राहक यंत्र लावले की ४५ व्होल्ट भागिले १,००० ओहम, म्हणजे ४५ मिलिअँपिअर. ९०० ओहमचे लावले की ३० मिलिअँपिअर. मूळ जाळे प्रत्येक वेळी पुन्हा सोडविण्याचे कारण उरत नाही.

प्रत्यक्ष मोजताना मात्र ‘खुले’ आणि ‘जोडलेले’ हे शब्द जपून घ्यावे लागतात. वरील अग्रांना ५,४०० ओहम रोधाचा व्होल्टमापक लावला तर तोच भार होऊन बसतो आणि ४५ ऐवजी ४०.५ व्होल्ट दाखवितो. मोटारीच्या शिसे-आम्ल घटमालेसारख्या अत्यल्प रोधाच्या साधनाची अग्रे जोडून पाहणे तर धोक्याचे; तेथे शेकडो अँपिअर वाहतात. अशा वेळी दोन निरनिराळे भार लावून विभवांतर व प्रवाह मोजावेत आणि त्या दोन बिंदूंतून जाणारी सरळ रेषा दोन्ही अक्षांपर्यंत वाढवावी. तिसरा भार लावून मिळालेला बिंदू त्या रेषेवर पडला नाही, तर जाळे रेषीय नाही आणि हा सिद्धांत त्याला लागू नाही असे समजावे. प्रवाहावर मर्यादा घालणाऱ्या आधुनिक वीजपुरवठा यंत्रात हाच प्रकार घडतो : त्याचा शॉर्ट सर्किट प्रवाह त्या मर्यादेचा असतो, अंतर्गत रोधाचा नव्हे.

१९२६ च्या नोव्हेंबर महिन्यात या कल्पनेचे दुसरे रूप दोन ठिकाणी एकदमच पुढे आले : एकसर रोध जोडलेल्या बलाऐवजी समांतर रोध जोडलेला स्थिर प्रवाह. जर्मनीत सीमेन्स-हाल्स्के येथील हान्स फर्डिनांड मायर यांनी ते एका तारविद्याविषयक मासिकात छापले. अमेरिकेत बेल प्रयोगशाळेतील एडवर्ड नॉर्टन यांनी एका अंतर्गत टिपणात, दुसऱ्याच विषयाच्या ओघात, एका परिच्छेदात नोंदविले. मायर यांच्या लेखाचा विषय होता वर्धक निर्वात नलिकेचे तुल्य मंडल, आणि खुल्या व जोडलेल्या अग्रांची रीत येथे केवळ सोयीची न राहता आवश्यक ठरते. नलिकेतील बल हे जालीवरील विभवाच्या आज्ञेत असते. ते वेगळे काढून त्याच्या जागी तार घालता येत नाही. पण तिचे वर्तन दोन टोकांना पाहता येते. पट्टिकेचा प्रवाह बदलू दिला नाही, तर जालीवरील १ व्होल्ट बदलाने पट्टिकेचे विभव समजा २० व्होल्टनी बदलते. पट्टिकेचे विभव स्थिर धरले, तर प्रवाह समजा २ मिलिअँपिअरनी बदलतो. भागाकार १०,००० ओहम हाच नलिकेचा अंतर्गत रोध.

इंग्रजी ग्रंथांनी नॉर्टन यांचे नाव घेतले, मायर यांचे क्वचितच. याच मायर यांनी १९३९ मध्ये ओस्लो येथून जर्मन शस्त्रसंशोधनाचा निनावी अहवाल ब्रिटिशांना पोहोचविला होता; त्याचे कर्तृत्व त्यांच्या मृत्यूनंतर, १९८९ मध्ये, उघड झाले. नाव न लागण्याची त्यांना सवयच असावी.

दोन्ही रूपे भाराला एकसारखी दिसतात, पण आपापसांत मात्र ती सारखी नाहीत. वरच्या तारमार्गाची अग्रे खुली असता खरी घटमाला ३७.५ मिलिअँपिअर देत राहते आणि २.२५ वॅट गळतीत व तारेत उष्णता होऊन जातात. थेवेनिन यांच्या तुल्य मंडलात त्याच वेळी काहीच खर्च होत नाही. मायर-नॉर्टन रूपात ७५ मिलिअँपिअर ६०० ओहममधून फिरत राहून ३.३७५ वॅट खर्च होतात. तिन्ही आकडे वेगवेगळे आहेत. घटमाला किती दिवस टिकेल हे ज्याला ठरवावयाचे आहे, त्याला यांपैकी पहिलाच आकडा हवा. आणि तो त्या दोन अग्रांवरील कोणत्याही मोजमापातून मिळत नाही, त्यासाठी पहिल्या स्थानकावर जाऊन घटमालेपाशीच प्रवाहमापक लावावा लागतो.