गुरुत्व प्रतिमान आणि शेगाव

दोन नगरांतील ये-जा त्यांच्या लोकसंख्येच्या गुणाकाराच्या सम व अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते, असे गुरुत्व प्रतिमान मानते. 2011 च्या जनगणनेनुसार मलकापूरची लोकसंख्या सुमारे 68 हजार, तर शेगावची 60 हजार होती. मुंबईपासून लोहमार्गाने मलकापूर सुमारे 490, शेगाव 545 किलोमीटर आहे. या हिशेबाने मुंबईकरांची ये-जा मलकापूरशी सुमारे 1.4 पट अधिक असावी. यात्रेकरूंच्या बाबतीत मात्र चित्र उलटे आहे. 1910 साली गजानन महाराजांनी शेगावी समाधी घेतली आणि गावाचे आकर्षण रहिवाशांच्या संख्येपासून सुटले. येथे चूक अंतराच्या घातांकात नसून ‘आकार’ मोजण्यात आहे. शिरगणती भाविकांना मोजत नाही. तेव्हा निवासव्यवस्थेसारखे माप घेणेच इष्ट.