घड्याळाचा सेकंद काटा अचानक उड्या मारायला लागला? घड्याळ बिघडलेलं नाही, ते तुम्हाला इशारा देतंय

रोज टिक-टिक करत एकेक सेकंद पुढे जाणारा मनगटी घड्याळाचा काटा एक दिवस विचित्र वागायला लागतो. तो एका जागी थांबतो आणि मग एकदम दोन किंवा चार घरं पुढे उडी मारतो. पुन्हा थांबतो, पुन्हा उडी. घड्याळ बिघडलं असं वाटून अनेक जण ते काढून ड्रॉवरमध्ये टाकतात. पण बहुतेक वेळा हा बिघाड नसतो. सेल संपत आल्याचं सांगण्यासाठी कंपनीनेच घड्याळात केलेली ती सोय असते. आणि अशा वेळी घड्याळ ड्रॉवरमध्ये टाकणं हीच सगळ्यात महागात पडणारी गोष्ट ठरू शकते. का, ते पाहू.

काटा उडी का मारतो?

क्वार्ट्झ घड्याळात क्वार्ट्झचा एक छोटासा स्फटिक असतो. सेलची वीज मिळाली की तो सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. घड्याळातली चिप ही संख्या सलग १५ वेळा अर्धी करते आणि शेवटी सेकंदाला बरोबर एक ठोका उरतो. दर ठोक्याला चिप एका चिमुकल्या मोटरला विजेचा झटका देते, मोटर अर्धा फेरा फिरते आणि काटा एक घर पुढे सरकतो.

हीच चिप सेलच्या व्होल्टेजवरही लक्ष ठेवते. ते ठरलेल्या पातळीखाली गेलं की चिप झटके देण्याची पद्धत बदलते. दर सेकंदाला एक झटका देण्याऐवजी ती तीन सेकंद गप्प राहते आणि मग चार झटके पटापट देते. म्हणून काटा चार घरांची उडी मारतो. अनेक स्विस यंत्रणांमध्ये ही उडी चार सेकंदांची असते, तर जपानी घड्याळांमध्ये बऱ्याचदा दोन सेकंदांची.

यामुळे वीज वाचते, असा एक समज आहे. पण मिनिटाला झटके तेव्हाही ६० आणि आताही ६०च. त्यामुळे फारशी बचत होत नाही. उडी असते ती तुमच्या डोळ्यांत भरावी म्हणून. आणि झटके तेवढेच असल्यामुळे घड्याळ वेळही बरोबर दाखवत राहतं.

हा इशारा शेवटीच का मिळतो?

याचं उत्तर सेलच्या स्वभावात आहे. चांगल्या मनगटी घड्याळांत सिल्व्हर ऑक्साइडचा सेल असतो. नवा असताना तो सुमारे १.५५ व्होल्ट देतो आणि आयुष्यभर जवळपास तेवढाच देत राहतो. अगदी शेवटी मात्र व्होल्टेज झपकन खाली येतं. चिप नेमकी हीच घसरण पकडते.

एक उदाहरण घेऊ. घड्याळांत सर्रास वापरला जाणारा ३७७ नंबरचा सेल (त्यालाच एसआर६२६एसडब्ल्यू म्हणतात) साधारण २८ मिलिअँपिअर-तास वीज साठवतो. घड्याळ सरासरी एक मायक्रोअँपिअर वीज खात असेल, तर हा सेल २८,००० तास, म्हणजे कागदावर तीन वर्षांपेक्षा थोडा जास्त चालतो. या काळात काटा नेहमीसारखाच चालत राहतो. उड्या सुरू होतात त्या शेवटच्या टप्प्यात. तिथून पुढे किती वेळ मिळेल हे घड्याळानुसार बदलतं, पण हिशोब दिवसांचा असतो, महिन्यांचा नाही.

आता समजा, दुकानात याच मापाचा स्वस्त अल्कलाइन सेल बसवला गेला. त्याच्या नावाची सुरुवात 'एसआर'ऐवजी 'एलआर'ने होते. त्याचं व्होल्टेज पहिल्या दिवसापासून हळूहळू उतरत जातं. त्यामुळे सेलमध्ये वीज शिल्लक असतानाच काटा उड्या मारायला लागू शकतो. 'आत्ताच तर सेल बदलला, तरी काटा उडतोय' या तक्रारीमागे बऱ्याचदा हेच कारण असतं. म्हणून सेल बदलताना त्यावरची अक्षरं स्वतः वाचा.

इशारा की बिघाड, कसं ओळखायचं?

मोबाइलवर सेकंदांसह वेळ दिसेल असं घड्याळ उघडा आणि मनगटी घड्याळ शेजारी धरून पाच मिनिटं पाहा.

काटा ठरावीक अंतराने समान उड्या मारत असेल आणि पाच मिनिटांनंतरही मोबाइलच्या मागे पडला नसेल, तर तो सेल संपत आल्याचा इशारा आहे. काटा अनियमित चालत असेल किंवा घड्याळ मागे पडत असेल, तर सेल अगदीच संपलेला असू शकतो, किंवा आत घाण अथवा घट्ट झालेलं तेल असू शकतं.

काटा पुढे न सरकता जागच्या जागी थरथरत असेल, तर तो हा इशारा नाही. भिंतीवरच्या घड्याळात हे नेहमी दिसतं आणि बऱ्याचदा काटा नऊच्या आसपास अडकतो. तिथे काटा आडवा असतो आणि वर चढवायला सगळ्यात जास्त जोर लागतो. दमलेल्या सेलला तेवढा जोर पेलवत नाही.

दोन अपवाद लक्षात ठेवा. सिटिझनच्या इको-ड्राइव्हसारख्या प्रकाशावर चालणाऱ्या घड्याळात दोन-दोन सेकंदांची उडी म्हणजे चार्ज कमी झालाय. तिथे सेल बदलायचा नसतो, घड्याळ उजेडात ठेवायचं असतं. दुसरं म्हणजे ही सोय सगळ्याच क्वार्ट्झ घड्याळांत नसते. अनेक घड्याळं काहीही न सांगता सरळ बंद पडतात.

मग घाई कशाला?

कारण संपलेला सेल आत राहिला तर तो गळू शकतो. सिल्व्हर ऑक्साइडच्या सेलमध्ये तीव्र अल्कली असते. ती बाहेर आली की सेलभोवती पांढरट थर जमतो, पट्ट्या गंजतात आणि मोटरच्या कॉइलची केसाहून बारीक तार तुटू शकते. मग साध्या सेलवर भागणारं काम पूर्ण मशीन बदलण्यावर जातं. चावी बाहेर ओढून ठेवली की काटा थांबतो, पण सेल आतच राहतो. त्यामुळे गळण्याचा धोका टळत नाही. घड्याळ वापरायचं नसेल तर सेल काढूनच ठेवा.

सेल बदलून घेताना मागच्या झाकणाची रबरी रिंगही तपासायला सांगा. ती चपटी झाली असेल किंवा नीट बसली नसेल, तर पावसाळ्यात काचेच्या आत वाफ दिसायला वेळ लागत नाही. आणि काढलेला सेल टेबलावर सोडू नका. लहान मुलांनी तो गिळला तर गंभीर इजा होऊ शकते.